१-३२ चं १.३२ झालं: चांदवड तालुक्यातल्या एका पीककर्ज अर्जाचं प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं आहे. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि गट नंबर ओळखू येऊ नयेत म्हणून बदलले किंवा गाळले आहेत. क्षेत्राचे आकडे आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळी गोष्ट त्या आकड्यांतच आहे. शेतकऱ्याला इथे नुसतं नाना म्हणतो. मी तालुक्यात शेतकऱ्यांचे बँकेचे, विम्याचे आणि महसूलचे कागद भरायला मदत करतो. नाना माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा अर्ज बँकेतून एकदा परत आलेला होता.

पार्श्वभूमी

नानांची जमीन दोन ठिकाणी आहे. एक तुकडा वडिलांनी हयातीतच त्यांच्या नावे करून दिला, तसाच दुसरीकडचा एक धाकट्या भावाच्या नावे केला. हा नानांचा तुकडा म्हणजे आजचा गट नंबर २१४. तिथे विहीर आहे, पण चैत्र उजाडला की तिचं पाणी तळाला जातं. दुसरी जमीन, गट नंबर ८७, वडिलांच्याच नावावर राहिली. ते गेल्यावर तिला वारस लागले: नाना, धाकटा भाऊ आणि येवल्याकडे दिलेली बहीण. भाऊ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि नाशिकलाच राहतो. त्यामुळे दोन्ही जमिनी प्रत्यक्षात नानाच कसतात.

मे महिना संपत आला होता. खरिपासाठी मका आणि लाल कांदा करायचं ठरलं होतं. आदल्या वर्षी बियाणं आणि खत दुकानातून उधारीवर उचललं होतं. ती उधारी कांदा विकून फेडताना हातात काही उरलं नाही, म्हणून यंदा बँकेचं पीककर्ज काढायचं असं नानांनी ठरवलं. निर्णय योग्यच होता. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज आहे, वेळेत फेडलं तर त्यातले तीन टक्के केंद्राच्या सवलतीतून सुटतात, आणि उरलेल्या व्याजावरही राज्याच्या योजनेतून सवलत मिळते. दुकानदाराची उधारी याच्या जवळपासही येत नाही, कारण तिचं व्याज वस्तूच्या भावातच मिसळलेलं असतं.

अर्ज त्यांनी गावाजवळच्या एका सुविधा केंद्रात भरून घेतला. सोबत घरातल्या पेटीतला जुना हस्तलिखित सातबारा नेला, कारण त्यांच्या लेखी तोच खरा कागद. तो गावात एकत्रीकरण होण्याच्या आधीचा होता.

अडचण

बँकेने अर्ज परत केला तेव्हा वर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "नाव व क्षेत्र जुळत नाही." काय जुळत नाही आणि कशाशी, याचा उल्लेख नव्हता. नानांना वाटलं, आधार कार्डावरच्या आणि सातबाऱ्यावरच्या नावात फरक असेल. आधार दुरुस्त करायला ते निघालेच होते.

मी अर्ज आणि जुना उतारा शेजारी ठेवून पाहिलं. अर्जात सर्व्हे नंबरच्या रकान्यात ६१/३ होतं आणि क्षेत्राच्या रकान्यात १.३२. जुन्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर ६१, हिस्सा ३ असं होतं आणि क्षेत्र होतं १-३२. वरच्या मथळ्यात अगदी बारीक अक्षरात "एकर-गुंठे" लिहिलेलं होतं, शाई उडत चाललेली.

या दोन नोंदींत दोन वेगळ्या चुका आहेत. त्या वेगवेगळ्याच समजून घ्याव्या लागतात, कारण एक सुधारली तरी दुसरीमुळे अर्ज पुन्हा परत येतो.

पहिली चूक नंबराची. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावांत गटवाडी झाली, तिथे जुने सर्व्हे नंबर आणि त्यांचे हिस्से मोडून नव्याने गट पडले, आणि गटांना पहिल्यापासून नवे नंबर दिले गेले. त्यामुळे त्या गावात ६१ हा आकडा आजही आहे, पण तो सर्व्हे नंबर ६१ नाही. तो गट नंबर ६१ आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि भलत्याच माणसाच्या नावावर. बँकेच्या माणसाने पडद्यावर ६१ टाकून पाहिलं तेव्हा त्याला दुसऱ्याच शेतकऱ्याचं नाव दिसलं. "नाव जुळत नाही" याचा अर्थ हा होता. आधार कार्डाचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता.

दुसरी चूक एककाची, आणि ती जास्त वाईट, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. जुन्या उताऱ्यातलं १-३२ म्हणजे एक एकर बत्तीस गुंठे. अर्जाच्या रकान्यात हेक्टर-आर अपेक्षित होतं. केंद्रातल्या मुलाने मधल्या आडव्या रेघेच्या जागी टिंब दिलं, आणि एक एकर बत्तीस गुंठ्यांचं एक हेक्टर बत्तीस आर झालं. हिशोब करून पाहू. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे एकूण ७२ गुंठे. एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर, म्हणून ७२ गुंठ्यांचे सुमारे ७,२८४ चौरस मीटर होतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तेव्हा हे झाले जवळपास ७३ आर. हेक्टरात ०.७३. अर्जात मात्र लिहिलं गेलं १.३२. जमीन कागदावर जवळजवळ दुप्पट झाली.

गुंठा आणि आर हे जवळपास सारखेच, म्हणून बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा शब्द वापरतो आणि त्याने फारसं बिघडत नाही. गोंधळ होतो तो टिंबाच्या डावीकडच्या आकड्यात. तिथे एकर असेल तर एकाचे चाळीस होतात, हेक्टर असेल तर शंभर.

आजचा उतारा काय सांगतो

नवा अर्ज लिहायला घेण्याआधी digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून दोन्ही गटांचे डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे आणि आठ-अ काढले. मोबाइलवर फुकट दिसणारा बिनसहीचा उतारा माहितीपुरता ठीक असतो, पण त्यावर शेवटीच लिहिलेलं असतं की तो कायदेशीर कामाला चालणार नाही. सहीच्या उताऱ्याला किरकोळ शुल्क पडतं, तेवढं द्यावं.

गट २१४ च्या सातबाऱ्यावर डाव्या बाजूला क्षेत्राचा भाग असा होता: एकूण लागवडयोग्य क्षेत्र ०.७३.००, पोटखराबा वर्ग (अ) ०.११.००, एकूण क्षेत्र ०.८४.००. हे आकडे हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने वाचायचे. जुन्या उताऱ्यातल्या ७२ गुंठ्यांशी लागवडयोग्य क्षेत्र ताडून पाहिलं तर सोळा चौरस मीटरचा फरक निघतो, तो आकडा पूर्ण करताना पडलेला. म्हणजे जमीन तीच, याची पहिली खूण मिळाली. पक्की खात्री करायला तलाठ्यांकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) एकत्रीकरणाचा फेरफार पाहून घेतला. त्यात जुना ६१/३ गट २१४ मध्ये गेल्याची नोंद सापडली. सातबाऱ्याच्या खालच्या बाजूला जुन्या फेरफारांचे क्रमांक दिलेले असतात, ते धरून मागे गेलं की हे सापडतं. फेरफार मिळाला नाही तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा मागता येतो.

गट ८७ चं चित्र वेगळं होतं. लागवडयोग्य १.५०.००, पोटखराबा ०.१२.००, एकूण १.६२.००. खातेदारांच्या रकान्यात तीन नावं एकाखाली एक, आणि त्यांच्या खाली "सामाईक क्षेत्र" अशी ओळ. क्षेत्राचा आकडा तिघांत मिळून एकच. कुणाचा किती हिस्सा हे त्या उताऱ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आठ-अ पाहिल्यावर आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या अर्जाला जोडलेला आठ-अ फक्त नानांच्या स्वतंत्र खात्याचा होता. सामाईक जमिनीचं खातं निराळं असतं, त्याचा क्रमांक निराळा आणि आठ-अही निराळा. एका माणसाचे एका गावात असे दोन-तीन आठ-अ असू शकतात. ज्याला "माझी एकूण जमीन किती" हे सांगायचं आहे त्याने ते सगळे काढायला हवेत. केंद्रात नानांना खाते क्रमांक कुणी विचारलाच नाही. नाव टाकून जो पहिला उतारा आला तो छापला गेला.

पर्याय

इथून पुढे खरा विचार होता तो एकच: अर्जात किती क्षेत्र दाखवायचं?

कर्जाची रक्कम क्षेत्रावर ठरते. जिल्ह्याची तांत्रिक समिती दर पिकासाठी हेक्टरी कर्जदर ठरवते. तो दर गुणिले पिकाखालचं क्षेत्र हा मर्यादेचा पाया, आणि त्यावर काढणीनंतरच्या व घरखर्चासाठी दहा टक्के आणि शेतीच्या देखभालीसाठी वीस टक्के धरले जातात. कांद्याचा दर वेगळा, मक्याचा वेगळा. पण फरक समजावा म्हणून इथे सरसकट हेक्टरी एक लाख रुपये धरतो आणि वरची टक्केवारी सोडून देतो. हा आकडा केवळ हिशोबासाठी आहे, प्रत्यक्ष दर नव्हे.

परत आलेल्या अर्जाप्रमाणे १.३२ हेक्टरला १,३२,००० रुपये होत होते. नानांच्या एकट्याच्या गट २१४ वर ०.७३ ला ७३,०००. गट ८७ मधला तिसरा हिस्सा, म्हणजे ०.५० हेक्टर, मिळवला तर १,२३,०००. आणि गट ८७ पूर्ण दाखवला तर २,२३,०००.

नानांनी हे आकडे पाहिले आणि लगेच विचारलं, "भाऊ, चुकीचा आकडा एक लाख बत्तीस आणि हिश्श्याचा एक लाख तेवीस. फरक नऊ हजारांचा. मग नंबर तेवढा बदलून क्षेत्र तसंच ठेवलं तर काय बिघडलं?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण यात लबाडी नव्हती. दोन्ही जमिनी मिळून आपण सव्वा हेक्टरच्या वर कसतो हे त्यांना माहीत होतं आणि ते खरंही होतं. पण अर्जातलं क्षेत्र माणसाच्या नावापुढे लागत नाही, ते गट नंबरापुढे लागतं. गट २१४ पुढे १.३२ लिहिलं की उतारा सांगतो ०.७३, आणि अर्ज तिथेच पडतो. समजा बँकेत कुणाच्या लक्षात आलं नाही आणि कर्ज मंजूर झालं, तरी पुढे पीकविमा त्याच क्षेत्राचा निघणार, ई-पीक पाहणीत मात्र ०.७३ पेक्षा जास्त नोंदताच येणार नाही. नुकसान झाल्यावर हे दोन कागद समोरासमोर येतात आणि दावा अडकतो. शिवाय अर्जाच्या शेवटी "वरील माहिती खरी आहे" यावर नानांची सही आहे.

दुसरा पर्याय गट ८७ पूर्ण दाखवण्याचा. त्यासाठी भाऊ आणि बहीण दोघांनी सहकर्जदार म्हणून सह्या करायला हव्या होत्या. शिवाय रक्कम दोन लाखांवर जात होती. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकांनी तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आधी ही मर्यादा १.६० लाख होती. दोन लाखांवर गेलं की जमिनीचं गहाणखत आणि वकिलाचा शोध अहवाल हे सगळं मागे लागतं, आणि सामाईक जमीन गहाण टाकायची म्हणजे तिघांनीही ते ओझं अंगावर घ्यायचं. नानांना तेवढ्या पैशांची गरजही नव्हती.

तिसरा पर्याय फक्त आपला हिस्सा दाखवण्याचा. आई आधीच गेली होती, त्यामुळे तिघांचा सारखा हिस्सा धरून ०.५० हेक्टर. बँकेच्या कृषी अधिकाऱ्यांनी सांगितलं की त्यांच्या शाखेत सामाईक खात्यावर हिश्श्यापुरतं कर्ज देतात, पण इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं. काही शाखा सामाईक खात्यावर देतच नाहीत. ज्या शाखेत अर्ज करायचा तिथेच हे आधी विचारावं.

चौथा पर्याय सुविधा केंद्रातल्याच एकाने सुचवला होता: "बहिणीकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे दोघांचीच नावं राहतील, काम सोपं." यावर मी स्पष्ट बोललो आणि आजही तसंच बोलेन. पन्नास आर जमिनीवरचा बहिणीचा कायमचा हक्क एका हंगामाच्या कर्जासाठी, पेरणीच्या घाईत काढून घ्यायचा नसतो. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं आणि एकदा झालं की सहजी फिरवता येत नाही. बहिणीला सोडायचंच असेल तर ती विचार करून, तिच्या वेळेने सोडेल. बँकेच्या अर्जातल्या एका रकान्याशी तो प्रश्न जोडणं मला चूक वाटतं. नाना क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तिला मी कधी विचारलंच नाही, तिला काय हवं ते." मग तो पर्याय तिथेच सोडला.

काय केलं

मृग आठ-दहा दिवसांवर आला होता. संमतीपत्रासाठी भाऊ नाशिकहून आणि बहीण येवल्याहून एकत्र आणायचे तर पेरणी निघून जाण्याची भीती होती. म्हणून ठरलं की आत्ता फक्त गट २१४ वर, ०.७३ हेक्टरसाठी अर्ज करायचा. गट ८७ चा प्रश्न कर्जाच्या घाईतून बाहेर काढून सावकाश सोडवायचा. यात नानांना तिसऱ्या हिश्श्यावरच्या रकमेवर पाणी सोडावं लागलं, आणि ते त्यांना जड गेलं. मका पूर्ण कर्जातून आणि कांद्याचा काही खर्च घरातून, अशी त्यांनी सांगड घातली.

अर्जाचे रकाने आम्ही असे भरले. "सर्व्हे नं./गट नं." या रकान्यात नुसता आकडा न टाकता "गट क्र. २१४" असं लिहिलं, आणि कंसात "जुना स. नं. ६१/३" हा उल्लेख मुद्दाम टाळला. बँकेला फक्त आजचा नंबर लागतो. जुना लिहिला तर कुणीतरी तोच संगणकात टाकतो. ज्या गावांत एकत्रीकरण झालंच नाही तिथे अर्थातच सर्व्हे नंबर आणि हिस्सा हेच आजचे नंबर आहेत. आपलं गाव कशातलं, हे नव्या सातबाऱ्याच्या माथ्यावर लगेच कळतं.

खाते क्रमांकाच्या रकान्यात नानांच्या स्वतंत्र खात्याचा क्रमांक घातला, कारण कर्ज त्याच खात्यातल्या गटावर होतं. सामाईक खात्याचा आठ-अ मात्र सोबत जोडला. अर्जात "एकूण धारण जमीन" असा एक वेगळा रकाना असतो आणि तिथे काहीच लपवायचं नव्हतं. तिथे लिहिलं: स्वतंत्र ०.८४ हेक्टर, सामाईक १.६२ हेक्टर पैकी हिस्सा, वाटप झालेले नाही.

क्षेत्राच्या रकान्यात एकूण ०.८४ लिहायचं की लागवडयोग्य ०.७३, यावर थोडा घोळ झाला. अर्जात "क्षेत्र (हे.आर)" एवढंच छापलेलं होतं. जमिनीच्या तपशिलात आम्ही दोन्ही लिहिले: "एकूण ०.८४, पैकी लागवडयोग्य ०.७३". पिकांच्या तक्त्यात मात्र ०.७३ च्या पुढे जायचं नाही हे पक्कं ठेवलं. पोटखराबा म्हणजे खडकाळ, नाल्याकाठची, पिकाखाली न येणारी जागा. नानांच्या गटात ती ११ आर आहे आणि तिथे बांधाला बाभळीच आहेत. त्या जागेवर पीककर्ज मागण्यात अर्थ नसतो.

पिकांच्या तक्त्यात नानांना सगळं क्षेत्र कांद्याखाली दाखवायचं होतं, कारण कांद्याचा दर मक्यापेक्षा जास्त. मी त्यांना विचारलं, रोप किती टाकणार? उत्तर आलं, तीस गुंठ्यांपुरतं. मग तेच लिहिलं: लाल कांदा ०.३०, मका ०.४३, बेरीज ०.७३. एकाच हंगामातल्या पिकांची बेरीज लागवडयोग्य क्षेत्राएवढी किंवा त्याहून कमी हवी, ही एक साधी पडताळणी सही करण्याआधी बोटांवर करता येते. इथेच आणखी एक घसरडी जागा आहे. आर जेव्हा एकअंकी असतात, समजा आठ आर, तेव्हा ते ०.०८ लिहायचे. घाईत ०.८ लिहिलं की आठाचे ऐंशी आर होतात. नानांच्या बाबतीत हा प्रसंग आला नाही, पण भाजीपाल्याच्या छोट्या तुकड्यांच्या अर्जांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

अर्ज नेऊन दिला तेव्हा नानांनी स्वतः अधिकाऱ्यांसमोर उताऱ्यावरच्या ०.७३.०० वर बोट ठेवलं आणि अर्जातल्या ०.७३ वर दुसरं बोट ठेवलं. ही कल्पना त्यांचीच होती. अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे गट नंबर टाकून नाव पाहिलं आणि अर्ज दाखल करून घेतला.

निष्पत्ती

कर्ज मंजूर झालं आणि किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यावर आलं. पेरणीच्या पहिल्या आठवड्यात पैसे हातात नव्हते, त्यामुळे मक्याच्या बियाण्याची एक उचल दुकानातूनच झाली. ती कर्ज आल्यावर लगेच फेडली. पहिला अर्ज परत आल्याने जो वेळ गेला त्याची किंमत एवढी पडली. ई-पीक पाहणीत नानांच्या मुलाने मोबाइलवरून लाल कांदा आणि मका त्याच क्षेत्राने नोंदवले, त्यामुळे अर्ज, विमा आणि सातबाऱ्याचा बारा नंबरचा भाग हे तिन्ही एकमेकांशी जुळतात.

गट ८७ बद्दल पोळ्याला तिघं भावंडं एकत्र बसली. बहिणीने सांगितलं की तिला तिचा हिस्सा हवा आहे, पण नानांनी तो कसत राहावा. सगळे राजी असल्यामुळे महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज केला. प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास आर लागवडीचं क्षेत्र येतं. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस आर आणि बागायतीला दहा आर असल्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. वाटप झालं की मोजणी आणि पोटहिस्सा, मग तिघांची क्षेत्रं स्वतंत्र दिसतील. हे लिहीपर्यंत ते काम पूर्ण झालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, बँकेने. "नाव व क्षेत्र जुळत नाही" याऐवजी "गट ६१ दुसऱ्याच्या नावे आहे, चालू सातबारा जोडा" एवढं लिहिलं असतं तर नाना आधार केंद्राच्या वाटेला लागले नसते. शेरा लिहिणाऱ्याच्या पडद्यावर कारण स्पष्ट दिसत होतं. ते कागदावर उतरवायला एक ओळ पुरली असती. अर्जाच्या नमुन्यातही सुधारणेला जागा आहे. क्षेत्राच्या रकान्याचे हेक्टर आणि आर असे दोन चौकोन पाडले आणि शेजारी "लागवडयोग्य" व "एकूण" असं वेगळं छापलं, तर टिंबाचा घोळ होण्याची जागाच राहत नाही.

सुविधा केंद्राने जुना हस्तलिखित उतारा बाजूला ठेवून चालू सातबारा समोर घ्यायला हवा होता. तिथे गर्दी असते, एका अर्जाला दहा मिनिटं मिळतात, हे मला मान्य आहे. पण गट नंबर टाकून नाव तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि ती वाचवली म्हणून नानांचा आठवडा गेला.

माझ्या बाजूने ज्या निर्णयावर मी अजून विचार करतो तो गट ८७ सोडून देण्याचा. भाऊ आणि बहीण दोघंही राजी होते हे पोळ्याला कळलं. मे महिन्यातच त्यांना फोन केला असता तर संमतीपत्रावर आणखी पन्नास आरचं कर्ज मिळालं असतं का? शाखेचं धोरण पाहता मिळालं असतं. तरी संमती घाईत मागितली असती तर ती मोकळेपणाने मिळाली असती का, हे सांगता येत नाही. पुन्हा असं प्रकरण आलं तर मी दोन्ही गोष्टी बरोबर सुरू करेन: स्वतंत्र गटाचा अर्ज लगेच दाखल करायचा, आणि त्याच दिवशी सामाईक खातेदारांना काय चाललं आहे ते कळवायचं. मंजुरीनंतरही वाढीव क्षेत्रासाठी मर्यादा वाढवून मागता येते, त्यासाठी पहिला अर्ज थांबवून धरायची गरज नसते.

नानांनी आता दोन्ही गटांचे चालू सातबारे आणि दोन्ही खात्यांचे आठ-अ एका पिशवीत ठेवले आहेत. जुना उतारा त्यांनी वेगळा काढला आणि त्याच्या माथ्यावर निळ्या पेनने "एकर-गुंठे, आता गट २१४" असं लिहून घेतलं. रब्बीत उन्हाळी कांद्यासाठी ते पुन्हा बँकेत जाणार आहेत, आणि तोपर्यंत वाटपाचा फेरफार मंजूर झाला तर त्यांच्या हिश्श्याचे पन्नास आर अर्जात लिहिता येतील.